करमुक्त ५.६ की करपात्र ७.७५ : भागाकार बरोबर, पण भागायचा आकडा कोणता?

«माझ्यासमोर दोन रोखे आहेत आणि दोन्हींची मुदत साधारण पाच वर्षे उरली आहे. एक करमुक्त आहे, वार्षिक व्याज ५.६ टक्के, आणि तो १०० च्या दर्शनी किमतीवर १०२ ला मिळतो आहे. दुसरा करपात्र आहे, व्याज ७.७५ टक्के, आणि तो १०० लाच मिळतो. माझा करदर ३० टक्के आहे. मी ५.६ मध्ये त्याचेच ३० टक्के मिळवले तर ७.२८ आले, म्हणून मला करपात्र रोखा बरा वाटतो. वितरक म्हणतात की खरा आकडा ८ टक्के येतो, म्हणून करमुक्त घ्या. आमच्यापैकी कोणाचे बरोबर?»

तुमचा निष्कर्ष बहुधा बरोबर आहे, पण तो चुकीच्या गणिताने आलेला आहे; वितरकांचे गणित बरोबर आहे, पण त्यांनी ते चुकीच्या आकड्यावर केले आहे. असे दुहेरी त्रांगडे मी वारंवार पाहतो, म्हणून दोन्ही चुका वेगवेगळ्या करून सांगतो. ‘बहुधा’ हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे, कारण तुमच्या प्रश्नातील एका आकड्याबद्दल मला शंका आहे आणि ती खरी निघाली तर उत्तर उलटू शकते.

आधी तुमचे गणित पाहू. तुम्ही ५.६ ला १.३ ने गुणले. हे बरोबर आहे की नाही याचा पडताळा घ्यायला उलट दिशेने जावे. समजा तुम्हाला खरोखरच ७.२८ टक्के देणारा करपात्र रोखा मिळाला. त्यावरील कर ७.२८ चे ३० टक्के, म्हणजे २.१८४ होतो, आणि हाती ५.०९६ उरतात. ते ५.६ नाहीत. चूक होण्याचे कारण साधे आहे: कर लागतो तो मोठ्या, करपात्र आकड्यावर, आणि तुम्ही ३० टक्के काढलेत ते लहान, करमुक्त आकड्याचे. करपात्र रोख्यावर मिळणाऱ्या प्रत्येक १०० मधील ७० च तुमच्या हाती राहतात. म्हणून प्रश्न असा उरतो की कोणत्या आकड्याचे ७० टक्के ५.६ होतात, आणि त्याचे उत्तर गुणाकाराने येत नाही, ५.६ भागिले ०.७ असे भागाकाराने येते. ते नेमके ८.०० येते. यालाच समतुल्य करपात्र परतावा म्हणतात:

```
समतुल्य करपात्र परतावा = करमुक्त परतावा / (1 - करदर)
```

करदर लहान असतो तेव्हा ही चूक झाकून जाते. दर १० टक्के असेल तर १.१ ने गुणणे आणि ०.९ ने भागणे यांत फारसा फरक पडत नाही, पण ३० टक्क्यांना एकीकडे १.३ पट आणि दुसरीकडे जवळपास १.४३ पट असा फरक पडतो, आणि ४० टक्क्यांना तर १.४ पट आणि १.६७ पट. म्हणजे ज्यांना करमुक्त रोख्याचा खरा उपयोग आहे, त्या वरच्या टप्प्यातील लोकांचाच हिशेब या चुकीने सर्वांत जास्त बिघडतो.

इथपर्यंत वितरक जिंकले. आता त्यांच्या आकड्याकडे वळू.

वरील सूत्रात अंशस्थानी ‘परतावा’ आहे, ‘व्याजदर’ नाही. रोख्यावर छापलेला ५.६ टक्के हा दर्शनी किमतीवरील व्याजदर, म्हणजे कूपन आहे. तुम्ही रोखा १०० ला घेतला असता तर कूपन आणि परतावा एकच ठरले असते. तुम्ही मात्र १०२ देणार आहात आणि मुदतीअखेर तुम्हाला १०० च परत मिळणार आहेत. पाच वर्षांत दरवर्षी ५.६ प्रमाणे २८ मिळतील, त्यातून हे जास्त दिलेले २ वजा करावे लागतील, आणि जे उरेल ते १०० वर नव्हे तर जास्त गुंतवलेल्या पैशांवर मिळालेले असेल. कागदावर अंदाज घ्यायचा झाला तर मी असे करतो: जास्त दिलेले २ पाच वर्षांवर पसरले की वर्षाला ०.४ होतात, ते ५.६ मधून गेले की ५.२ उरतात, आणि सरासरी गुंतलेली रक्कम १०२ आणि १०० च्या मधली म्हणजे १०१ धरली की ५.२ भागिले १०१, साधारण ५.१५ टक्के. स्प्रेडशीटमध्ये नेमका आकडा असा मिळतो:

```
=RATE(5, 5.6, -102, 100)
```

उत्तर ५.१४ टक्के येते. हा मुदतपूर्तीपर्यंतचा परतावा आहे आणि सूत्रात घालायचा आकडा हाच. ५.१४ भागिले ०.७ केले की सुमारे ७.३४ टक्के येतात. हे ७.७५ पेक्षा कमी आहेत, म्हणून करपात्र रोखा पुढे जातो. दुसऱ्या बाजूने पाहिले तरी हेच दिसते: करपात्र रोखा दर्शनी किमतीलाच मिळत असल्यामुळे त्याचा करानंतरचा परतावा ७.७५ गुणिले ०.७, म्हणजे ५.४२५ टक्के आहे आणि करमुक्त रोख्याचा ५.१४. दोन्हींना करपूर्व पातळीवर आणा किंवा दोन्हींना करानंतरच्या पातळीवर आणा, निर्णय तोच येतो; एकाचा करपूर्व आणि दुसऱ्याचा करानंतरचा आकडा शेजारी ठेवला की मात्र घोटाळा होतो.

तुमचे ७.२८ आणि हे ७.३४ इतके जवळ आले हा निव्वळ योगायोग आहे. त्यामुळे आपली पद्धत चालते असा समज कृपया करून घेऊ नका. हाच रोखा १०० ला मिळत असता तर तुमची पद्धत तुम्हाला चुकीच्या रोख्याकडे घेऊन गेली असती.

करमुक्त रोखे दर्शनी किमतीच्या वर विकले जातात यात नवल नाही. कर वाचवण्याची सोय ज्यांना सर्वांत जास्त उपयोगी पडते, ते लोक त्या सोयीची किंमत मोजायला तयार असतात, आणि ती किंमत रोख्याच्या भावात उतरते. विक्रेता कूपन सांगतो, भाव वेगळ्या रकान्यात असतो, आणि दोन्ही एकत्र करून पाहण्याचे काम खरेदीदाराकडे राहते. सुरुवातीच्या काळात मीही एका नातेवाइकांना कूपन भागिले एक वजा करदर एवढाच हिशेब करून करमुक्त रोखा घ्यायला लावला होता. तो त्यांनी दर्शनी किमतीपेक्षा बराच वर घेतला. दोन वर्षांनी त्यांनी विचारले की खात्यावर दिसणारी रोख्याची किंमत हळूहळू खाली का येते आहे, आणि माझ्याकडे सांगण्यासारखे उत्तर एकच होते: मुदत जवळ येते तसा भाव १०० कडे सरकणारच होता, आणि ही घट मी हिशेबात धरायला विसरलो होतो.

अशा प्रसंगी मी समतुल्य परताव्यापेक्षा दोन दुसरे आकडे काढून ठेवतो, कारण त्यांवरून निर्णय किती काठावर आहे ते कळते. पहिला म्हणजे बरोबरीचा करदर: किती करदराला दोन्ही रोखे सारखे ठरतात? तो १ वजा करमुक्त परतावा भागिले करपात्र परतावा असा येतो. वितरकांच्या आकड्यांनी, म्हणजे ५.६ आणि ७.७५ ने, तो २७.७ टक्के येतो. खऱ्या परताव्याने, म्हणजे ५.१४ आणि ७.७५ ने, ३३.७ टक्के. तुमचा ३० टक्के दर नेमका या दोहोंच्या मध्ये पडतो, आणि म्हणूनच तुम्हा दोघांत मतभेद झाला. ज्यांचा करदर २० टक्के आहे त्यांनी दोन्ही हिशेबांनी करपात्रच घेतला असता, आणि ज्यांचा ४० टक्के आहे त्यांनी दोन्ही हिशेबांनी करमुक्त.

दुसरा आकडा म्हणजे बरोबरीचा भाव. करमुक्त रोखा किती भावाला मिळाला तर तो करपात्र रोख्याशी बरोबरी करेल? त्यासाठी करमुक्त रोख्याच्या येणाऱ्या रकमा करपात्र रोख्याच्या करानंतरच्या परताव्याने, म्हणजे ५.४२५ टक्क्यांनी, आजच्या किमतीला आणायच्या:

```
=PV(5.425%, 5, 5.6, 100)
```

उत्तर ऋण चिन्हासह १०० पूर्णांक ७५ शतांश येते. म्हणजे तुमच्या करदराला या रोख्याची किंमत १००.७५ आहे. त्याखाली मिळाला तर करमुक्त घ्यावा, त्यावर असेल तर करपात्र. हा आकडा हाताशी असला की वितरकांशी बोलणे फार सोपे होते. टक्केवारीवर वाद घालण्यापेक्षा ‘मला १००.७५ च्या आत मिळेल का?’ एवढेच विचारावे.

आता माझ्या शंकेकडे येतो. तुम्ही लिहिलेले १०२ नेमके काय आहेत? दोन व्याजांच्या तारखांच्या मधल्या काळात रोखा विकत घेतला तर मागील व्याजाच्या तारखेपासून त्या दिवसापर्यंत साचलेले व्याज विक्रेत्याला द्यावे लागते, कारण पुढच्या तारखेला पूर्ण वर्षाचे व्याज तुमच्या हाती पडणार असते. काही ठिकाणी पडद्यावरचा भाव हे साचलेले व्याज वगळून दाखवला जातो, काही ठिकाणी धरून. मी वरील सारा हिशेब १०२ हा साचलेले व्याज वगळून असलेला भाव आहे आणि पाच पूर्ण वर्षे बाकी आहेत असे धरून केला आहे. तुम्ही ‘साधारण पाच वर्षे’ म्हणता, म्हणून समजा की मागील व्याज चार महिन्यांपूर्वी दिले गेले, प्रत्यक्षात चार वर्षे आठ महिनेच उरले आहेत, आणि १०२ मध्ये साचलेले व्याजही आहे. चार महिन्यांचे व्याज ५.६ चा एक तृतीयांश, म्हणजे १.८७ होते. ते काढले की रोख्याचा खरा भाव १००.१३ उरतो. त्या स्थितीत मुदतपूर्तीपर्यंतचा परतावा ५.१४ नसून सुमारे ५.५६ टक्के होतो, समतुल्य करपात्र परतावा ७.९४ टक्क्यांवर जातो, आणि वितरक चुकीच्या मार्गाने का होईना, बरोबर ठरतात. तेव्हा सर्वांत आधी त्यांना हे विचारावे की खात्यातून जाणाऱ्या एकूण रकमेत भाव किती आणि साचलेले व्याज किती. व्यवहाराच्या पावतीवर हे दोन आकडे वेगळे दाखवलेले असतात. खरेदीपूर्वी नमुना पावती किंवा अंदाजपत्रक मागितले तर मिळते. करपात्र रोख्यालाही हाच प्रश्न विचारायला विसरू नका.

दुसरी परिस्थितीसापेक्ष गोष्ट म्हणजे तुमचे ३० टक्के. मी नेहमी विचारतो की हा दर कोठून आणला. गेल्या वर्षी भरलेला कर एकूण उत्पन्नाने भागून आणला असेल तर ती सरासरी झाली, आणि ती या हिशेबाला उपयोगाची नाही. आधीचे उत्पन्न आहे तसेच राहणार आहे. त्याच्यावर जे नवे व्याज चढेल, त्या व्याजावर किती कर लागतो एवढेच येथे मोजायचे आहे. तो दर उत्पन्नाच्या शेवटच्या टप्प्याचा असतो, आणि त्यावर अधिभार किंवा दुसऱ्या पातळीवरचा आयकर लागत असेल तर तोही त्यात धरायचा. सरासरी दर जवळजवळ नेहमीच शेवटच्या टप्प्याच्या दरापेक्षा कमी असतो, म्हणून सरासरी वापरणाऱ्याला करमुक्त रोखा आहे त्यापेक्षा फिका दिसतो.

उलट दिशेने होणारी चूकही आहे, आणि ती मोठ्या रकमेच्या गुंतवणुकीत होते. समजा तुम्ही दहा लाख गुंतवणार आहात आणि करपात्र रोख्याचे वर्षाचे ७७,५०० व्याज येणार आहे. तुमचे बाकीचे उत्पन्न ३० टक्क्यांच्या टप्प्याच्या उंबरठ्यापासून ३०,००० खाली असेल, तर व्याजातील पहिल्या ३०,००० वर खालच्या टप्प्याचा, समजा २० टक्के, दर लागेल आणि उरलेल्या ४७,५०० वर ३० टक्के. कर ६,००० अधिक १४,२५०, म्हणजे २०,२५० होतो. तो ७७,५०० चा २६.१ टक्के आहे. सूत्रात घालायचा दर हाच, कारण या विशिष्ट व्याजावर प्रत्यक्षात लागलेला कर हा आहे. साचलेल्या व्याजाची शंका खरी ठरली तर बरोबरीचा करदर २८.३ टक्के येतो; तुम्ही या उंबरठ्यावर असाल तर तेव्हाही करपात्र रोखाच पुढे राहील. मी त्यामुळे करदर धरून चालत नाही. विवरणपत्राचा हिशेब दोनदा करतो, एकदा हे व्याज धरून आणि एकदा न धरता, आणि दोन करांतील फरक व्याजाने भागतो. यात टप्पे, अधिभार, उत्पन्न वाढल्यामुळे हातची जाणारी एखादी सवलत, सगळे आपोआप येते. काही करव्यवस्थांत करमुक्त व्याजही एखाद्या सवलतीची मर्यादा ठरवताना उत्पन्नात मिळवले जाते. तसे असेल तर दुसऱ्या वेळच्या हिशेबात करमुक्त रोख्याचे व्याजही धरून पाहावे, म्हणजे ‘करमुक्त’ हा शब्द किती खरा आहे ते दिसते.

आणि हा दर पाच वर्षे टिकणार आहे का? दोन वर्षांनी निवृत्त होऊन तुम्ही १० टक्क्यांच्या टप्प्यात जाणार असाल तर करपात्र रोख्यावर पहिली दोन वर्षे १०० मागे ५.४२५ आणि नंतरची तीन वर्षे ६.९७५ हाती येतील. करमुक्त रोख्यासाठी आज मोजलेले अधिकचे २ मात्र परत मिळत नाहीत. कर वाचवण्याची सोय पाच वर्षांसाठी विकत घेऊन दोनच वर्षे वापरल्यासारखे ते होते.

आतापर्यंत करपात्र रोख्याला मी सोपे सोडले, कारण तुमचा रोखा १०० लाच मिळतो आहे. तसे नसेल तर ‘करपात्र परतावा गुणिले ०.७’ हेही चालत नाही, आणि हा मुद्दा अनुभवी लोकांच्याही नजरेतून सुटतो. असा रोखा घ्या की ज्याचे कूपन ९ टक्के आहे, मुदत पाच वर्षे आहे आणि भाव १०५.०२ आहे. त्याचा करपूर्व मुदतपूर्ती परतावा तुमच्या रोख्याइतकाच, ७.७५ टक्के येतो. कर मात्र परताव्यावर लागत नाही. तो हाती येणाऱ्या व्याजावर, म्हणजे पूर्ण ९ वर लागतो. त्या ९ मध्ये तुम्ही जास्त दिलेल्या ५.०२ ची थोडी थोडी परतफेडही आहे, पण जास्त दिलेली रक्कम वर्षागणिक व्याजातून वजा करण्याची मुभा नियमांत नसेल आणि अखेरीस झालेल्या तोट्याचाही कोठे उपयोग होत नसेल, तर तुम्ही स्वतःचेच भांडवल परत घेताना त्यावर कर भरत असता. हाती दरवर्षी ६.३ येतात, शेवटी १०० येतात:

```
=RATE(5, 9*(1-30%), -105.02, 100)
```

उत्तर ५.१४ टक्के. म्हणजे करपूर्व परतावा ७.७५ असूनही करानंतर ५.४२५ ऐवजी ५.१४ च उरले, आणि हा रोखा तुमच्या १०२ च्या करमुक्त रोख्याच्या पंक्तीत जाऊन बसला. दोन करपात्र रोख्यांचा परतावा जाहिरातीत सारखा दिसतो, पण करानंतर त्यांच्यात पाव टक्क्याहून अधिक अंतर पडते. वजावटीची मुभा असेल तर हे अंतर बऱ्याच अंशी भरून निघते, म्हणून तुमच्या करनियमांत ती आहे का हे आधी तपासावे.

दर्शनी किमतीखाली मिळणाऱ्या करमुक्त रोख्याची गोष्ट याच्या उलट आहे. करातून सूट सहसा व्याजाला असते. स्वस्त घेऊन पूर्ण किमतीला परत मिळाल्यामुळे होणाऱ्या नफ्याला ती असेलच असे नाही. अमेरिकेतील म्युनिसिपल रोख्यांचे व्याज संघीय आयकरातून मुक्त असते, पण बाजारातून स्वस्त घेतल्यामुळे होणारा असा नफा सहसा करपात्र ठरतो. तुमचाच ५.६ टक्क्यांचा रोखा ९७ ला मिळाला असे धरा. मुदतपूर्ती परतावा ६.३२ टक्के दिसेल, पण अखेरच्या ३ च्या नफ्यावर ३० टक्के कर लागला तर १०० ऐवजी ९९.१ च हाती येतील आणि खरा परतावा ६.१६ होईल. ०.७ ने भागायचे ते ६.१६ ला. त्याचप्रमाणे वर १०२ च्या खरेदीत होणारा २ चा तोटा मी निरुपयोगी धरला आहे. तो दुसऱ्या नफ्यातून वजा करता येत असेल तर परतावा किंचित सुधारतो, पण समजा १० टक्के कर वाचला तरी शेवटी ०.२ मिळतील, आणि त्याने ५.१४ फार तर ५.१७ पर्यंत जाईल. ५.४२५ गाठायला तेवढे पुरत नाही.

इतक्या खटाटोपानंतर फरक किती, हेही पाहावे. ५.४२५ आणि ५.१४ मधील अंतर ०.२९ टक्क्याच्या आसपास आहे. दहा लाखांवर ते वर्षाला २,९०० होते. दोन्ही रोख्यांची पत सारखी आहे असे तुम्ही लिहिलेले नाही. करपात्र रोखा देणारी संस्था थोडी जरी कमी पतीची असेल, तर ७.७५ मधला काही भाग त्या जोखमीचा मोबदला आहे, आणि तो भाग करामुळे मिळाला आहे असे समजून केलेली तुलना मुळातच फसते. म्हणून मी तुलनेसाठी शक्यतो त्याच संस्थेचा, नाहीतर त्याच पतदर्जाचा आणि त्याच मुदतीचा करपात्र रोखा शोधतो. विक्रीचेही तसेच आहे. वर काढलेले सर्व परतावे मुदतीअखेर थांबणाऱ्याचे आहेत. दोन्हींपैकी एका रोख्यात व्यवहार तुरळक होत असतील आणि मध्येच पैसे लागले म्हणून तो खऱ्या किमतीपेक्षा शेकडा १ कमी घेऊन विकावा लागला, तर दहा लाखांवर १०,००० गेले, म्हणजे साडेतीन वर्षांच्या फरकाइतके. मधेच विकण्याची शक्यता असेल तर गेल्या काही महिन्यांत त्या रोख्याचे व्यवहार किती झाले आणि खरेदी-विक्रीच्या भावांत किती अंतर आहे, हे साचलेल्या व्याजाच्या प्रश्नासोबतच वितरकांना विचारून घ्यावे.